ओ कुणी द्यायची?

"उतर खाली! उतरतेस की नाही? मी आले ना तिथं, तर तंगडी धरून खाली ओढीन!"

गोठ्याच्या दारातून सुनेनं आधी नावानं खणखणीत हाक मारली आणि मग हा दम भरला. तिची साडेतीन वर्षांची पोर वैरणीच्या गाडीच्या कठड्यावर चढून बसली होती. पोर जागची हलली नाही. पण गाडीच्या पलीकडं, दोन पुरुष उंचीच्या गंजीवर उभी राहून गवताच्या पेंढ्या रचणारी सासू मुकाट्यानं शिडीला लागली. दुखरा गुडघा सांभाळत, एकेक पायरी चाचपत ती खाली आली.

"आले गं बाई, आले. तंगडी कशाला ओढतेस? आधीच एक निकामी झालीय."

धार लावलेले विळे परत द्यायला आलेला लोहार पोट धरून हसला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो आई, तुम्हाला नाही! पोरीला म्हटलं मी!"

"मग तसं सांगायचं. नाव तर माझं घेतलंस." असं म्हणून सासूनं पदरानं तोंडावरचा भुस्सा पुसला आणि पुन्हा शिडी चढायला लागली. रागावलेली मात्र मुळीच दिसत नव्हती, उलट खुशीत होती. सुनेला हेच कोडं सुटत नव्हतं.

नाव काय होतं ते विचारू नका. सांगितलं, तर तुमच्या आळीतल्याही दोघीतिघी ओ देत बाहेर येतील, इतकं ते साधं होतं. पण पोरीला ते ठेवताना घरात चांगलीच जुंपली होती. सुनेनं मनात एक नाजूक नाव धरून ठेवलं होतं. ते तिच्या ओठावर यायच्या आत सासू म्हणाली, "माझं ठेवा."

चुलतसासूनं तोंडात बोट घातलं. "अगं, तू अजून धडधाकट आहेस. माणूस गेल्यावर त्याचं नाव ठेवतात. उद्या वरून बोलावणं आलं, तर न्यायचं कुणाला? घोटाळा नाही का व्हायचा?"

"कसला घोटाळा? नाव माझं, मी जाईन. आणि मी मेल्यावर ठेवून काय उपयोग? मला ऐकू कुठं येणार?"

नाव ठरलं आणि सुनेच्या नाकी नऊ आले.

आता सासूच्या नावानं पोरीला 'गाढवे' कसं म्हणायचं? 'कार्टे' कसं म्हणायचं? पहिले सहा-आठ महिने अडलं नाही, कारण पोर पाळण्यात होती आणि नुसते लाडच चालायचे. ती रांगायला लागली, शेणात हात घालायला लागली, तशी सुनेची पंचाईत झाली. माती खाल्ली म्हणून ती पोरीवर नाव घेऊन खेकसली, की चुलीपाशी बसलेली सासू तोंड पुसायची. नाव घेऊन "नाक शिंकर" म्हटलं, तर सासू खरंच नाक शिंकरायची. नवरा म्हणायचा, आई मस्करी करतेय. पण मस्करी करणारं माणूस दुखऱ्या गुडघ्यानं शिडी उतरत नाही.

कधी हाकेसरशी दोघी धावत यायच्या आणि दारात एकमेकींवर आदळायच्या. कधी पोर आजीकडं बघायची, आजी नेमकी पोरीकडं बघायची आणि दोघींपैकी कुणीच यायचं नाही. असंच एकदा "जरा दुधाकडं बघ गं" ही हाक दोघींच्या मध्ये पडून राहिली आणि तीन लिटर दूध उतू गेलं. मुळात साडेतीन वर्षांच्या पोरीला दुधाकडं बघायला कोण सांगेल? पण सासूला असं 'बघ गं' म्हणायची सुनेची छाती नव्हती, म्हणून तिनं पोरीच्या आडून सांगून पाहिलं होतं. ते तिच्या अंगाशी आलं.

घरात उपायांवर उपाय निघाले. नवरा म्हणाला, "एक थोरली, एक धाकटी."

सासरा कधी नव्हे ते उत्साहानं म्हणाला, "आपल्या गायींच्या कानात बिल्ले आहेत ना, तसं करू. एक नंबर, दोन नंबर."

"बिल्ला तुमच्या कानात मारा," सासू म्हणाली. "नावाला शेपूट लावायचं नाही. घ्यायचं तर अख्खं नाव घ्या."

आणि मग पाकिटांचं प्रकरण झालं.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. नवऱ्यानं दूध घालून येताना दवाखान्यातून दोघींची औषधं आणली. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि पोरीची जंताची गोळी. कंपाउंडरनं दोन्ही पाकिटांवर नाव आणि आडनाव टाकलं होतं. पोरीच्या नावात मध्ये बाप येतो, सासूच्या नावात नवरा, पण मधलं लिहायचा त्याला कंटाळा. वय लिहायची तर सवयच नाही. दोन्ही पाकिटं एकसारखीच दिसत होती. एक सासू ओसरीवर घेऊन गेली. सुनेनं उरलेलं उघडलं, गोळी चमच्यात चुरली, वर साखर घातली आणि पोरीला मांडीवर आडवी घेतली. पोरीनं तोंडही उघडलं.

तेवढ्यात ओसरीवरून सासूचा आवाज आला, "आज गोळी गोड आहे गं! दरवेळी असलीच आणत जा."

सुनेनं चमचा भिरकावून दिला आणि पोरीला उराशी धरून भिंतीला टेकून बसली. सासू आपलं पाकीट हातात घेऊन दारात आली. जमिनीवरचा चुरा तिनं पाहिला, फाडलेलं पाकीट पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं.

"आजपासून हिला मी ह्या नावानं हाक मारणार नाही," सून म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढं तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "काय वाटायचं ते वाटू दे."

"नको मारूस," सासू म्हणाली. "लेकराच्या जिवापुढं नाव कशाला हवं?"

पोर सदा कशावर तरी चढलेली असायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. आठ दिवसांत ते घरभर झालं, पंधरा दिवसांत आळीभर. कंपाउंडरनंसुद्धा पाकिटावर कंसात खारू लिहायला सुरुवात केली, आणि वर वयही. हाक मारली की जिला हवी तीच यायची. दूध उतू जाईना, दारात कुणी कुणावर आदळेना. सून म्हणायची, सुटले बाई.

पण घर गप्प झालं. सासू कामाला कमी पडत नव्हती. गोठा झाडायची, धारा काढायची, उन्हं कलली की वैरण टाकायची. फक्त मध्येच थांबायची. हातात घमेलं घेऊन उभी राहायची, मान थोडी कलती करून. "खारू!" अशी हाक कानावर आली, की पुन्हा चालू लागायची.

महिन्याभरानं लोहार खुरप्याला दांडा बसवायला आला. म्हणाला, "संपला का वहिनी, तुमचा नावाचा गोंधळ?"

"संपला एकदाचा."

"मला आपलं एक कळत नव्हतं. गोंधळ व्हायचाच कसा? तुमच्या सासूला नावानं हाक मारतं कोण?"

सून हसली आणि मनातल्या मनात मोजायला लागली. नवरा आई म्हणतो. सासरा 'अगं ए' म्हणतो, चिडला तर 'ऐकू येतं का'. आपण आई म्हणतो. आळीतली पोरं आजी, बाया काकू, दूध न्यायला येणारे मालकीणबाई. खुद्द चुलतसासू 'अगं' वर भागवते. अख्ख्या गावात त्या बाईला नावानं हाक मारणारं एकही तोंड नव्हतं. म्हणजे ती हाक कधीच, एकदाही, तिच्यासाठी नव्हती, आणि हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरी ती दरवेळी उठली होती. सुनेनं तेव्हा स्वतःचं नाव शेवटचं कधी ऐकलं ते आठवून पाहिलं आणि तिला आठवेना.

संध्याकाळी धारा काढताना दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. समोर बघून विचारायचा सुनेला धीर झाला नसता.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना, मी पोरीला बोलावतेय ते?"

सासूनं दुसऱ्या सडाला हात घातला.

"माझी आई बांधावरून हाक मारायची," सासू म्हणाली. "दोन शेतं ओलांडून यायची हाक. ह्या घरात आले आणि नाव बंद झालं. भाऊ तेवढा मारायचा, वर्षातून एकदोनदा यायचा तेव्हा. खारूच्या आधी दोन वर्षं तो गेला. मग कुणीच उरलं नाही. एकदा विहिरीत वाकून मीच मला हाक मारली. हाक परत आली, पण आवाज माझाच. त्यात काय मजा?"

"पण मी तर नुसती ओरडायचे हो त्या नावानं. तंगडी ओढीन काय, फटका देईन काय..."

"मग माझी आई काय लाडू लाडू करायची? तीही अशीच ओरडायची." सासू गायीच्या अंगाला डोकं टेकून हसली. "तू अगदी तिच्यासारखी ओरडतेस."

सुनेला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. नाक पुसायला हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी झाल्या. ऊन डोळ्यांत खुपत होतं, खळ्यावरून तापलेली धूळ येत होती. सासू परड्यात शेण थापत होती. पोर गाडीच्या कठड्यावर. सून दारात आली. सासऱ्यानं ताट पुढ्यात ओढलं होतं, नवरा हात धूत होता. तिनं कमरेवर हात ठेवून त्या अख्ख्या, शेपूट नसलेल्या नावानं हाक मारली. दोन शेतं ओलांडून जाईल अशी.

नवरा दचकला. सासऱ्याचा घास हातातच राहिला. कठड्यावरच्या पोरीनं मान वळवूनही बघितलं नाही. ते नाव आपलं आहे, हे ती महिन्याभरात साफ विसरून गेली होती.

परड्यात मात्र म्हातारी ताडकन उभी राहिली.

"ओ!"

"ये लवकर! जेवण निवतंय, किती हाका मारायच्या?"

"आले, आले!"

ती आली, गुडघा विसरून जवळजवळ धावतच. उंबऱ्याशी येऊन थांबली. घरातली दोन्ही पुरुषमाणसं ताटांकडं बघत बसली. सुनेनं एकदा सुरुवात केली होती, आता मागं हटण्यात अर्थ नव्हता.

"हात धुतलेस का?" तिनं दरडावलं.

म्हाताऱ्या बाईनं शेणानं भरलेले दोन्ही हात झटकन पाठीमागं लपवले.