संबंधित कर्मचारी

एकच तारा. त्याहून कमी देता येत नाही म्हणून एक, असं त्या बाईंनी स्वच्छ लिहिलंच होतं.

धाकटीनं हॉटेलच्या गल्ल्यामागे उभ्या उभ्याच फोनवर ते तीनदा वाचलं. "सूपमध्ये काजू आहेत का, दोनदा विचारलं. वेटर छातीठोकपणे 'नाही' म्हणाला. सहा वर्षांच्या मुलीचे ओठ सुजले, दवाखान्यात धावावं लागलं. जीव प्यारा असेल तर इथे जेवू नका." खाली सत्तेचाळीस जणांनी अंगठा उंचावला होता. शनिवारची दोन बुकिंग सकाळीच रद्द झाली होती, आणि ती का, हे आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. गल्ला, फोन आणि लोकांची बोलणी तिच्याकडे, बाजार नवऱ्याकडे, आणि स्वयंपाकघर त्याच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे वन्संकडे. बावीस वर्षं वन्सं त्या भट्टीसमोर उभ्या होत्या. वरच्या खोलीत राहायच्या, पहाटे खाली उतरायच्या आणि एकदा पदर खोचला की कुणाच्या बापाला ऐकत नसत.

झालं होतं ते एवढंच. त्या दुपारी साय संपली. वन्संनी सूप दाट व्हावं म्हणून मूठभर काजू वाटून घातले. मेनूकार्डावर सूपसमोर काजू नाहीत, म्हणून वेटर नाही म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वन्संना कुणी विचारलं नव्हतं. वेटर खोटं बोलला नव्हता, तरी खोटं सांगितलं गेलं होतं.

वन्संना हे कळलं तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. "पोरगी बरी आहे ना?" एवढंच विचारलं. संध्याकाळी घरी सोडलं म्हणे, असं धाकटीनं सांगितल्यावर त्या उठल्या आणि काजूचा डबा माळ्यावर ठेवून आल्या.

नवऱ्याच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला होता. "लिही, बाई खोटारडी आहे! समोरच्या हॉटेलवाल्यानंच पाठवली असणार."

"अहो, त्या बाईंचं आपल्याविषयी जे मत व्हायचं ते झालंय," धाकटी म्हणाली. "उत्तर त्यांच्यासाठी नाहीच. उद्या फोन हातात घेऊन कुठं जेवायचं ते शोधणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी आपल्याला भांडताना बघायचं का?"

एवढं शहाणपण तिच्याकडे होतं. त्याच्या पुढचं जरा कमी पडलं. तिनं माफी मागितली, मुलीची चौकशी केली, बोलायला स्वतःचा नंबर दिला. सगळं नीट होतं, पण तिला ते मिळमिळीत वाटलं. वाचणाऱ्याला काहीतरी ठोस हवं, धाक बसेल असं. म्हणून शेवटी तिनं ठोकून दिलं: "संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आले आहे."

कुणालाही कमी केलं नव्हतं. वेटर तिच्या डोळ्यांदेखत टेबल पुसत होता. पण वाचणाऱ्याला ते कुठं दिसणार होतं? संध्याकाळी त्या उत्तराखाली कुणीतरी लिहिलं, "चांगली कारवाई." धाकटी स्वतःवर खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी थंड होती. गल्ल्यावर वन्संचा ॲप्रन धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून ठेवलेला होता. धाकटी धडधडत जिना चढली.

वन्सं खिडकीपाशी भाजी निवडत बसल्या होत्या. स्वतःपुरतीच.

"वन्सं, खाली चला ना. साडेदहा वाजले."

"मला कामावरून कमी केलंय म्हणे. वाचलं मी. चष्मा लावून वाचलं."

"अहो, ते लोकांसाठी लिहिलं. तुमच्यासाठी थोडंच होतं?"

"काजू कुणी घातले?"

धाकटी खाली पडलेली भाजीची देठं गोळा करू लागली.

"मीच ना? मग संबंधित मीच." वन्संनी पहिल्यांदा वर पाहिलं. "बावीस वर्षं तुझ्या घरचं खातेय आणि खाऊ घालतेय. नणंद लागते मी तुझी. माझा तुझ्याशी काय तो संबंध, तो असा लिहिलास होय, धाकटे?"

धाकटीला रडूच फुटलं. तिनं हात जोडले, चुकलं म्हणाली, मनापासून म्हणाली. वन्सं भाजी निवडत राहिल्या. त्यांना रागावता येत होतं, पण रडणाऱ्या माणसाशी बोलणं त्यांना नेहमीच अवघड जायचं.

धाकटी खाली आली. दिलेलं उत्तर बदलता येतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते उघडलं, शेवटची ओळ खोडली आणि दातओठ खाऊन खरं लिहिलं: "त्या दिवशी साय संपल्यामुळे सूपमध्ये काजू वापरले गेले आणि तो बदल आम्ही वेटरपर्यंत पोहोचवला नाही. चूक आमची आहे. आता प्रत्येक बदल स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळ्यावर लिहिला जातो. काही पदार्थ वर्ज्य असल्यास सांगा, स्वयंपाक करणाऱ्या बाई स्वतः टेबलापाशी येऊन बोलतील. आमच्याकडे काजू वापरले जातात, त्यामुळे त्यांचा अंशही नसेल अशी हमी मात्र देता येत नाही. यापूर्वी कुणाला कामावरून काढल्याचे लिहिले होते, ते खरे नव्हते."

लिहून झालं आणि तिच्या लक्षात आलं, फळा अजून आणायचाय. आणि टेबलापाशी येणाऱ्या बाई वर भाजी निवडत बसल्यात. म्हणजे पुन्हा थापच! तिनं नवऱ्याला फळ्यासाठी पिटाळलं आणि मदतनीस बाईला भट्टी पेटवायला लावली. वरती जायचा मात्र धीर होईना.

बाराला एक बाई आल्या. खांद्याला बॅग, हातात फोन. "मला काजू-बदाम चालत नाहीत. काल तुमचं उत्तर वाचलं म्हणून आले. ज्यांनी तो घोळ घातला त्यांना काढलंत, बरं केलंत."

म्हणजे यांनी जुनंच वाचलं होतं. "हो" म्हटलं की काम भागत होतं. धाकटीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वन्सं दिसल्या. कोथिंबीर न्यायला उतरल्या होत्या, हातात टोपली होती. त्यांनी ऐकलं होतं.

"नाही हो," धाकटी म्हणाली. "कुणाला काढलं नाही. मी खोटं लिहिलं होतं. सूप यांनीच केलं होतं, या माझ्या वन्सं. आणि सांगायचं राहिलं ते आम्हा सगळ्यांकडून."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी बॅग पुन्हा खांद्यावर सरळ केली. आता जाणार, धाकटीला वाटलं. जाऊ दे.

पण त्या वन्संकडे बघत होत्या. "आजच्या सूपमध्ये काय आहे?"

"आजचं मी केलं नाही," वन्सं म्हणाल्या. "म्हणून ते तुम्ही खाऊ नका. बसणार असाल तर दुसरं करते, धुतलेल्या भांड्यात. टोमॅटो, गाजर, कांदा, लोणी, मीठ, मिरी." त्या थांबल्या. "मसाल्याचं पाकीट नवीन आहे. त्यात काय काय आहे ते मला ठाऊक नाही. वाचून सांगते."

बाई खुर्ची ओढून बसल्या. बॅग मात्र मांडीवरच राहिली.

वन्संनी टोपली गल्ल्यावर टेकवली आणि घडी मोडून ॲप्रन बांधला. धाकटीकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला.

"चष्मा वर राहिलाय माझा. आण जा, धाकटे."