दारातली बोटं

आमच्या कारा-तोकोयच्या नाट्यगृहात त्या हिवाळ्यात तिकिटं संपली, ती नाटकामुळे नाही. माझा भाऊ काचकिन आणि माझा आधीचा नवरा सागिनबेक रंगमंचावर मारामारी करणार, ही बातमी बाजारात पोचली होती.

सागिनबेकने मला सोडून सात वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं एकाच आरशासमोर तोंडाला रंग लावत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. काही निरोप असला की माझ्यामार्फत यायचा. "त्याला सांग, कंगवा सरकव." सरकवायला कंगवा वीतभरही लांब नसायचा.

आमचा नवा दिग्दर्शक एमिल तरुण होता. नाटकात दोन भाऊ. थोरला बापाची घोडी विकायला निघालाय, धाकटा अडवतोय. थोरला काचकिन, धाकटा सागिनबेक आणि त्यांची आई मी. चाळिशीच्या आतच आमच्याकडे नटीची आई होते, त्याचं आता मला काही वाटत नाही.

एमिलने मारामारी बसवली ती लाल उजेडात, ढोलाच्या तालावर. दोघं एकमेकांना धरून लोळत होते. मग कधीकाळी सिनेमात घोड्यावरून पडण्याची कामं केलेल्या गुलबारा एजेंना, म्हणजे गुलबाराताईंना, बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं.

"कोण जिंकत होतं?" त्यांनी विचारलं.

"महत्त्वाचा संताप आहे," एमिल म्हणाला.

"संताप दिसला. पण कुणाला कुठे जायचंय तेच कळलं नाही. ते कळेना तर मी घाबरू कशाला?"

त्यांनी लाल दिवा काढायला लावला. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला चूल, तिच्या वर खिळ्याला तबेल्याची किल्ली. उजव्या हाताला दार. मध्ये बुटकं टेबल आणि मागे रजयांच्या चळतीपाशी मी. थोरल्याला किल्ली घेऊन दार गाठायचं होतं, धाकट्याने मध्ये यायचं होतं. मारामारीआधी मी ती किल्ली दोनदा काढून परत लावायची, म्हणजे ती कुठे आहे हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही पाठ व्हावं. पुढचा प्रत्येक फटका थोरल्याला दाराजवळ नेणार नाहीतर लांब ढकलणार. ज्याने यातलं काहीच होत नव्हतं तो एजेंनी काढून टाकला. एमिलला आवडलेल्या नऊ कोलांट्या तशाच गेल्या.

"आणि शेवटी?" एमिलने हिरमुसून विचारलं.

"धाकटा कोमूझच्या तारा छेडतो ना? थोरला दार आपटतो, त्यात याची बोटं सापडतात. घोडी जाते आणि वाजवणंही जातं. तिसऱ्या अंकात लग्नात लोक याच्याकडे कोमूझ देतील आणि हा तो मांडीवर नुसता धरून बसेल. मारामारी तिथपर्यंत पुरली पाहिजे."

तालमीला मात्र पहिल्याच दिवशी गाडं अडलं. एजेंचा नियम होता की प्रत्येक हालचालीआधी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. नजर मिळाली तर पुढे, नाहीतर जागच्या जागी थांबायचं.

काचकिन बघेचना. कधी कपाळाकडे बघायचा, कधी कानाकडे.

"बाइके," एजे त्याला थोरल्या भावाचा मान देत म्हणाल्या, "त्याच्या कानाला मारायचंय का तुम्हाला?"

"मला याचं तोंड बघायचं नाही."

"मग मारायचंही नाही. घरी जा, चहा घ्या."

माझ्या भावाला मारायला न मिळणं परवडणारं नव्हतं. त्याने पाहिलं. सात वर्षांनी. मी रजयांवर बसून माझे शब्द विसरले.

मग हळूहळू, पाण्याखाली चालल्यासारख्या संथ तालमी सुरू झाल्या. थप्पड मारताना काचकिन प्रेक्षकांना पाठमोरा, तळवा गालापासून हातभर लांबून जाणार. आवाज सागिनबेकने स्वतःच्या छातीवर काढायचा. कॉलर धरून फरपटताना काचकिनने नुसती मूठ टेकवायची. सागिनबेकच त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून स्वतःला ओढत न्यायचा. ज्याला मार बसतो, सगळा ताबा त्याच्याकडे.

"हे लग्नात शिकवायला हवं होतं," मी पुटपुटले. सागिनबेकने ऐकलं आणि काचकिनची मूठ पुन्हा आपल्या कॉलरवर टेकवली.

गंमत अशी की गावभर जिवलग म्हणून मिरवणारे दुसरे दोन नट नाटकाच्या सुरुवातीच्या झटापटीत होते. पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाचा दात पडला. मित्र आहे, सांभाळून घेईल, म्हणून दोघंही बघत नव्हते. माझ्या या दोघांना एकमेकांचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून ते सुईत दोरा ओवावा तसं अंतर मोजत.

दाराची युक्ती अशी होती. चौकटीत वरच्या बाजूला लाकडी ठोकळा, त्यावर जाड लोकरी नमदा. दार त्यावर अडायचं आणि बोटांसाठी फट राहायची. शिवाय काचकिनची नजर मिळताच सागिनबेकने बोटं मागे घ्यायची. मोडल्याचा आवाज पडद्यामागे कुणीतरी सुकी फांदी मोडून काढायचं.

पहिल्या प्रयोगाला लोक पायऱ्यांवरही बसले होते. थप्पड झाली तशी मागून आरोळी आली, "काचकिन, बहिणीसाठी आणखी एक!" सभागृह हसलं. मीही आईच्या तोंडाने हसू दाबलं. किल्ली काचकिनच्या हातात आली, टेबल उलटलं, दार गाठलं. सागिनबेकने चौकट पकडली. काचकिनने दार ओढलं.

दार निम्म्यावर आलं तेव्हा त्याने वर पाहिलं. ठोकळा नव्हता. नाट्यगृह तापवणाऱ्या भट्टीच्या कोरड्या उष्णतेने लाकूड आकसून खिळा सुटला होता.

आणि तो वर बघत होता म्हणून नजर मिळाली नाही. नजर मिळाली नाही म्हणून सागिनबेकने, शिकवल्याप्रमाणे, बोटं हलवली नाहीत.

दार जड, थांबणारं नव्हतं. काचकिनने आपला डावा हात फटीत घातला. फांदीचा आवाज आला, पण त्याआधी दुसरा एक आला होता. तो आम्हा तिघांनाच कळला.

सागिनबेक किंचाळला, कारण ते त्याच्या भूमिकेत होतं. काचकिन गप्प राहिला, कारण त्याच्या भूमिकेत ते नव्हतं.

तिसऱ्या अंकात शाबूत बोटांचा माणूस कोमूझ मांडीवर घेऊन रडला आणि बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं डोळ्यांना लावली. शेजारी मोडलेल्या बोटांचा थोरला भाऊ पाहुण्यांना दोन्ही हातांनी तळलेल्या बोरसोकचं ताट देत होता. ताट थरथरलं. गावातल्या एका शहाण्याने नंतर सांगितलं, पश्चात्ताप असा दाखवावा.

काचकिनची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. बाजारात ठरलं की सागिनबेकने ती मोडली, आणि बरोबरी झाली. मी खरं सांगायला गेले, तर वाळवलेल्या दह्याचं कुरुत विकणारी बाई म्हणाली, "बुरुल, अजून त्याची बाजू घेतेस होय?"

एजेंनी सगळी मारामारी डाव्याउजव्याची अदलाबदल करून पुन्हा बसवली, कारण काचकिनचा डावा हात आता पकडीला येत नव्हता. ठोकळ्याला बोल्ट लागला आणि प्रयोगाआधी दोघांनी स्वतः तो हलवून बघायचा असं ठरलं.

मी भावाला विचारलं, "हात का घातलास?"

"दार आपटत होतं."

"त्याचीच बोटं होती. इतकी वर्षं तुला तेच हवं होतं ना?"

त्याने उजव्या हाताने चहा ढवळला. "मला त्याला मारायचं होतं, बुरुल. त्याला लागावं असं कुठे म्हटलं होतं मी?"

ते अजून बोलत नाहीत. पण काचकिनला अंगरख्याची बटणं लावता येत नाहीत, आणि ती सागिनबेक लावतो. गळ्यापासून खाली, एकेक करून. काचकिन तेवढा वेळ छताकडे बघतो.

परवा सागिनबेक माझ्याकडे वळून म्हणाला, "त्याला सांग, पोट आत घे."

काचकिनने ते माझ्या सांगण्याआधीच आत घेतलं.