आय-सेव्हनची अदलाबदल

धारच्या दुर्गावहिनींना धाकट्या जावेच्या लॅपटॉपवरचं 'i7' सलत होतं. दोघीही शिकवण्या घेत. पण उर्वशीच्या लॅपटॉपवर सात आणि आपल्या लॅपटॉपवर पाच, हे थोरल्या सुनेला कसं पचावं? दिवाळीला लॅपटॉप घेऊनच उर्वशीकडे देवासला आल्या तेव्हा त्या फराळाच्या ताटावरच म्हणाल्या, "मला दे तुझा, माझा तू घे. फरक काय असेल तो मी देईन."

"तुम्हाला आवडला ना, मग घ्या," उर्वशी म्हणाली. न भांडता दिला, तेही वहिनींना लागलं.

किंमत ठरवायला दोघी जुने लॅपटॉप विकणाऱ्या धीरजकडे गेल्या. उर्वशी त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणते आणि तो तिला आधी चहा विचारतो, हेही वहिनींनी टिपलं.

धीरजने दोन्ही मशीन शेजारी मांडून सुरू केली. रॅम सारखी, डिस्कही सारखी. मग प्रोसेसरचं पूर्ण नाव उघडलं.

"हा आय-सेव्हन ८५५०. म्हणजे आठवी पिढी. आणि ताई, तुमचा आय-फाइव्ह १२३५, बारावी."

"पण सात मोठा ना?"

"एकाच पिढीत बघाल तर मोठा. चार पिढ्यांनंतरचा पाच याला मागे टाकतो."

त्याने बॅटरीचा अहवाल काढला. उर्वशीची नवी असताना बेचाळीस हजार मिलीवॅट-अवर धरायची, आता चोवीस हजार. म्हणजे सत्तावन्न टक्के. वहिनींची नव्वद. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला : उर्वशीची वॉरंटी केव्हाच संपलेली, वहिनींची अजून नऊ महिने बाकी.

"आय-सेव्हनला बाजारात अठरा हजार. नव्या बॅटरीचे तीन वजा, पंधरा. तुमच्याला तीस, वॉरंटीचे दीड वर. साडेएकतीस. साडेसोळा हजारांचा फरक, आणि तो उर्वशीताई तुम्हाला देणार."

वहिनींच्या कानात 'देणार' उतरेपर्यंत उर्वशीने मोबाइल काढलासुद्धा.

"यांना विचारते, पण देतील. बरंच झालं, भिया, मला चांगला मिळाला."

मला चांगला मिळाला! वहिनींचा हात आपोआप आपल्या लॅपटॉपवर पडला.

"राहू दे गं. माझ्या सगळ्या फायली यात आहेत."

"त्या तर पाच मिनिटांत जातात, ताई," धीरज म्हणाला.

"नको म्हटलं ना!"

उर्वशी हसली. "बरं, वहिनी. आय-सेव्हन तर आय-सेव्हन. भिया, याच्यात नवी बॅटरी टाकून द्या, माझं भागतंय."

ती खरंच खूश होती. वहिनी लॅपटॉप पिशवीत घालून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"धीरज, ती नवी बॅटरी... म्हणजे शंभर टक्के असणार का?"

"हो, नवीच ती."

"मग माझ्यातही टाक एक."

"तुमची नव्वद आहे, ताई. कशाला उगाच?"

"तू टाक."