लिफ्टवाल्याचं नाव

आमच्या प्रकाशनात रहस्यकथेचं हस्तलिखित आलं की ते मला वाचून दाखवायचं, हा माझाच नियम. मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावत बसले तर खून शिळा होतो. पाच प्रकरणं झाली की वाचन थांबवायचं आणि खुनी कोण ते मी चिठ्ठीवर लिहायचं. बरोबर निघालं तर बाड लेखकाकडे परत. मोठमोठे लेखक या टेबलाशी घाम पुसत बसलेत.

माझा मुलगाही बसलाय. त्याच्या आठही कादंबऱ्या मी एकदा तरी परत केल्या. नववी पुरी करून तो गेला. चालता चालता हृदय बंद पडलं. चार महिने झाले. सांत्वनाला येतात त्यांना मी चहा देते आणि पंख्याकडे बघते.

सूनबाई आमची संपादक. नववी तिनंच वाचली, सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तशी. दवाखान्याच्या गच्चीवर मोठे डॉक्टर मेलेले सापडतात. पाचवं संपलं. मी चिठ्ठी सरकवली: लिफ्टवाला.

तिनं चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "आई, तुम्हाला कळणारच. त्यानं लिफ्टवाल्याचं नाव भुऱ्या ठेवलंय."

भुऱ्या म्हणजे माझा मुलगा. जन्मला तेव्हा जावळ भुरं होतं. घरात त्याला दुसरं नाव नव्हतंच.

"वाचकाला काय ठाऊक आमचा भुऱ्या? हे तुमचं आईपण झालं, वाचन नव्हे."

"माझं आईपण काढू नकोस. प्रूफवाल्यांना दे."

प्रूफ वाचणारे गृहस्थ नवे, महिन्याभरापूर्वी आलेले. घरची नावं त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. पाच प्रकरणं वाचून दुपारी त्यांनी चिठ्ठी आणली. लिफ्टवाला.

"कशावरून हो?"

"सोपं आहे, बाईसाहेब. नर्स ती नर्स. कंपाउंडर तो कंपाउंडर. वॉचमन, झाडूवाली, कुणालाच नाव नाही. लिफ्टवाल्यालाच तेवढं नाव. फुकटचं नाव कुणी देत नाही. लेखकाला त्याच्याकडून पुढे काम करून घ्यायचं असतं."

ते गेल्यावर सूनबाई म्हणाली, "मग बाकीच्यांनाही नावं देऊ. गर्दीत हे एक दिसणार नाही. संध्याकाळपर्यंत करते."

"आणि गेलेल्या लेखकाच्या मजकुरात नवा शब्द घालायचा नाही, हा नियम?"

"तुमचाच आहे. मोडा."

"दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळला. माझ्यासाठी मोडला तर तोंड कुठे दाखवू? खोडायची मुभा आहे. खोड."

"आई, त्यानं स्वतःचं नाव एवढ्या एकाच ठिकाणी ठेवलंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ते मी खोडू?"

"खुनी पाचव्या प्रकरणात सापडला तर पुस्तक मेलं. नाव ठेवायचं की पुस्तक, सांग."

मीच लाल पेन घेतलं. एवढं दोन अक्षरांचं नाव मला लावता येतं.

त्यानं बहुतेक ठिकाणी 'लिफ्टवाला भुऱ्या' असं जोडून लिहिलं होतं, त्यामुळे खोडून वाक्य मोडत नव्हतं. ती पान उलटायची, बोट ठेवायची. मी रेघ ओढायची. नर्स हाक मारते, "ए भुऱ्या, थांब." तिथं "ए, थांब" राहिलं. सव्वीस ठिकाणी खोडलं. मागच्या कव्हरच्या मजकुरातही सूनबाईनं नाव घातलं होतं. ते तिनं न सांगता काढलं. मला काही वाटलं नाही. हात तेवढा दुखला.

शेवटच्या प्रकरणात लिफ्टवाला कबुली देऊन बसतो. फौजदार वही उघडतो. "नाव?" "भुऱ्या."

सूनबाईचं बोट तिथं थांबलं.

"हे राहू दे," मी म्हणाले. "इथपर्यंत आलेल्याला खुनी कळलेला आहे. आता नाव कुणाची चहाडी करत नाही."

"पहिल्यांदाच येतंय ते, आई. वाचक दचकेल."

"दचकू दे."

दुसऱ्या दिवशी खोडलेली प्रत बाइंडिंगच्या बाईंना दिली. त्यांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. पाच प्रकरणांनंतर त्यांनी ठामपणे 'डॉक्टरांचा भाऊ' असं लिहिलं आणि वर मला म्हणाल्या, "तोंडावरूनच कळतो मेला."

मी सूनबाईकडे पाहिलं. ती शेवटचं पान उघडून बसली होती.

"वाचू का एकदा?"

"वाच."

तिनं फौजदाराचा प्रश्न वाचला, मग उत्तर वाचलं. उत्तराशी तिला थोडा वेळ लागला. मी थांबले. मग पहिल्या पानावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'छापा' लिहिलं आणि बाड तिच्याकडे सरकवलं.