सीताफळाचा डीएनए आणि अंगाचा साबण

त्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन नेकनूरच्या शाळेत भरलं. पाऊस न झाल्यामुळे पन्नास स्टॉलपैकी एकोणचाळीस 'पाणी वाचवा' या विषयाचे होते. उरलेल्यांपैकी तीन ज्वालामुखी होते आणि त्यांच्यातूनही पाणीच निघत होतं, म्हणून मुख्याध्यापक मोहनराव त्यांना ओरडून आले होते.

नववीतल्या द्वारका आणि धर्मराज यांच्या टेबलावर मात्र सीताफळं होती. डोंगराकडेची. सीताफळाला टँकर लागत नाही, म्हणून ती तेवढी मिळाली. त्यातून डीएनए काढून दाखवायचा होता. जिंकलं तर बीडला जिल्हा प्रदर्शनात जायला मिळणार होतं, आणि द्वारकाला तिथं जायचंच होतं. तिचे वडील मुंजाजी मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेले होते, आणि प्रदर्शन झालं की तिलाही तिकडं पाठवायचं घरात ठरलं होतं. "बीडला जायला नंबर लागला तर शाळा होईस्तोवर आत्याकडं राहा," एवढीच सूट वडिलांनी दिली होती.

प्रयोगाला लागणारं स्पिरिट सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव यांनी दिलं होतं. ऊस नसल्याने गाळप बंद होतं, पण प्रयोगशाळेत बाटली शिल्लक होती. मोहनरावांनी ती आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. "सायन्सच्या शिक्षकांपासून जपावं लागतं," असं ते म्हणाले. सायन्सचे शिक्षक हसले नाहीत. बर्फ दूध संघाच्या शीतकेंद्रातून आला होता. टेबलामागच्या फलकावर सीताफळापेक्षा 'सहकार्य' हा शब्द मोठा होता.

"परत म्हण," द्वारका म्हणाली.

धर्मराज छाती काढून सुरू झाला, "पयलं, बिया काढून गर पिशवीत घालून चुरायचा. त्यानं पेशी सुट्या होतात, काही फुटतात. मग मिठाचं पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण."

"मीठ कावून?"

"चवीला."

"धर्म्या!"

"बरं बरं. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून त्याचे धागे एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम धन असतो, तो भार झाकतो. मग धाग्यांचं जमतं."

"साबण?"

"पेशीचं आवरण चरबीचं असतं, आतल्या केंद्रकाचंबी. ताटाची चरबी निघते तशी तीबी निघते, आन् डीएनए भायेर येतो. मग कापडातून गाळायचं, आन् नळी तिरकी धरून बर्फात गार केलेलं स्पिरिट कडेनं हळू सोडायचं. ते वर तरंगतं. डीएनए पाण्यात विरघळतो, स्पिरिटमधे न्हाई. म्हणून जिथं दोन्ही भेटतात तिथं पांढरा कापूस दिसतो. काडीनं गुंडाळून काढायचा. झालं. नोबेल आणा."

"गार कावून?"

"गारठ्यात अजून कमी विरघळतो. आन् डीएनए तोडणारी एंझाइमं सुस्त पडतात."

एवढं पाठ होतं. सरावात तीनदा कापूस निघाला होता. पण परीक्षक येणार म्हणून शिपाई बद्रीनाथने पाहुण्यांचे कप धुवायला लिक्विडची बाटली नेली आणि रिकामी परत आणली. धर्मराजने डोकं लढवलं. स्टाफरूममधली अंगाच्या साबणाची वडी किसून बोअरच्या पाण्यात विरघळवली.

"साबण तो साबण," तो म्हणाला.

आणि नळी भरून पांढरं आलं. सरावात कधी आलं नव्हतं इतकं. मोहनराव धावत आले. "वा! वा! अर्जुनरावांना हेच दाखवा. दुष्काळातही आपल्या फळात डीएनए कमी नाही!"

ते गेल्यावर द्वारका नळी डोळ्यांशी धरून उभी राहिली.

"काय झालं आता?" धर्मराज वैतागला.

"स्पिरिट घालायच्या आधीच पांढरं झालतं."

"मग लवकर आला. घाई असंल त्याला."

"स्पिरिटशिवाय यायला नको ना, बे."

तिने दुसरी नळी घेतली. बोअरचं पाणी, मीठ, साबण. सीताफळ घातलं नाही. पांढरे तुकडे तरंगायला लागले, अगदी तस्सेच.

धर्मराजने नळीला नाक लावून बघितलं. नऊशे फूट खोल गेलेल्या त्या बोअरचं पाणी इतकं जड होतं की अंघोळ केली तरी अंगावर साय राहायची. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जड पाण्यात कॅल्शियम असतं, अंगाच्या साबणाला ते चिकटतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा चोथा होतो, हे आठवीच्या पुस्तकात होतं. मिठानेही साबण फाटतो. ते टेबलावर डीएनए म्हणून अंघोळीची साय दाखवत होते.

"कुणाला कळतंय?" धर्मराज हळूच म्हणाला. "बीडला जायचंय का न्हाई तुला?"

"जायचंय की."

"मग फळ न्हाई ती नळी फेक."

तेवढ्यात परीक्षक आल्याच. वत्सलाबाई, बीडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. मागे अर्जुनराव, त्यांच्यामागे मोहनराव हात चोळत.

अर्जुनरावांनी नळी पाहिली. "हा डीएनए? याच्यावरनं माणसाचं खानदान कळतं म्हणं. तो आप्पाराव तीनदा पक्ष बदलून आलाय, त्याचा काढता येईल का, काय गं पोरी?"

"येतो, साहेब. गालाच्या आतल्या पेशींतून," द्वारका म्हणाली. "पण पक्ष कळत न्हाई."

अर्जुनराव खो खो हसले. वत्सलाबाईंनी नळी उजेडात धरली. "भरपूर आलाय. छान."

द्वारकाने दुसरी नळी पुढे केली.

"मॅडम, ह्यात फळच न्हाई. तरीबी तेवढंच आलं. तो साबणाचा चोथा हाय. लिक्विड संपलं म्हणून अंगाचा साबण घातला, आन् आमचं पाणी लई जड हाय."

मोहनरावांचा चेहरा किसलेल्या वडीसारखा झाला. "लहान आहेत, मॅडम. घाबरलेत."

"ही घाबरलेली दिसत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी बाकीचं बघून येते. ज्वालामुखी किती आहेत?"

"तीन. पाण्याचे एकोणचाळीस," धर्मराज म्हणाला.

"मग वेळ आहे तुम्हाला. पाणी बदलता येतं का?"

"पाण्याला काय झालं न्हाई, मॅडम. साबण बदलायचाय," द्वारका म्हणाली.

धर्मराज समोरच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्या घेऊन आला. पारदर्शक हिरव्या शाम्पूच्या, कारण पांढऱ्या शाम्पूने नळी आधीच गढूळ दिसली असती. शाम्पू जड पाण्यात फाटत नाही. तेच बोअरचं पाणी, तेच मीठ. दोन नळ्या. एकीत त्याच पाण्यात चुरून गाळलेला सीताफळाचा रस, दुसरीत नुसतं मीठ-शाम्पूचं पाणी. द्वारकाने दोन्हींत गार स्पिरिट सोडलं.

काहीच दिसलं नाही.

"मेलो," धर्मराज म्हणाला.

"थांब. हलवू नको."

मग सीताफळाच्या नळीत सीमेवर धुकं जमलं, धुक्याला बारके बुडबुडे चिकटले, आणि एक पांढरा धागा वर उचलला गेला. मघापेक्षा पाव भागसुद्धा नव्हता. शेजारची नळी स्वच्छ राहिली.

वत्सलाबाई परत आल्या, खाली वाकल्या. "हा शुद्ध डीएनए आहे का?"

"न्हाई. फळातलं पेक्टिन आन् प्रथिनंबी आली असतील. पण साबण न्हाई, येवढं ह्या दुसऱ्या नळीवरनं सांगता येतं."

वत्सलाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बीडला चारही नळ्या मांडायच्या. त्या साबणाच्यापण. आणि तोंडी हेच सांगायचं."

धर्मराजने द्वारकाच्या पाठीत गुद्दा घातला. मोहनराव लगेच फोटोवाल्याला घेऊन आले. अर्जुनरावांनी सदरा नीट करून टेबलावरची एक नळी उचलली आणि उंच धरली.

"साहेब, ती न्हाई," द्वारका म्हणाली. "त्यात काहीच न्हाई."

"अगं, फोटोत कुणाला कळतंय?"

द्वारकाने त्यांच्या हातातून नळी काढून घेतली आणि सीताफळाची दिली.

"हळू धरा. हलवली तर तुटतो."

अर्जुनराव श्वास रोखून उभे राहिले.