सातशेच्या पुढे

नेत्राने चिकटपट्टीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या स्फटिकाचा तो पापुद्रा सोलला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो इतका फिकट दिसला की तिचं नाचायचंच बाकी राहिलं. एकच थर! गिरीज गावच्या केळीच्या वाडीतली पोर, वसईतल्या कॉलेजची प्रयोगशाळा, आणि अणूंचा एकच थर! तिचे मार्गदर्शक चंद्रहास सर यांचा लेख त्याच पापुद्र्यावर उभा राहिला. तिची पीएचडीसुद्धा.

लेख आज दुपारी पाठवायचा होता. पण काल तिने नवा पापुद्रा त्याच लेझरखाली ठेवला, तर तो जुन्याच्या कितीतरी पट उजळला. मग जुना काय होता?

लेझरने वर ढकललेला इलेक्ट्रॉन परत खाली उतरताना उजेड देतो, पण जाड तुकड्यात त्याला सरळ वाट नसते. स्फटिकाच्या कंपनाचा धक्का लागतो, म्हणून उजेड मिणमिणता. एकच थर उरला की वाट सरळ होते आणि पापुद्रा लख्ख उजळतो. दोन थरही सहाशे सत्तर नॅनोमीटर तरंगलांबीपाशी थोडे उजळतातच, पण त्यांच्या उजेडाच्या आलेखात आणखी एक उंचवटा आठशेच्या आसपास निघतो. एका थराला तो नसतो.

नेत्राने जुन्या पापुद्र्याचा आलेख सातशेलाच थांबवला होता. "लेझर जास्त वेळ पडला तर जळेल ना, सर," असं ती तेव्हा म्हणाली होती. ते अर्धंच खरं होतं. सरांनी मान डोलावली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता सर शेजारीच बसून लेखावरून शेवटची नजर फिरवत होते. गप्प बसावं? उद्या दुसऱ्या कुणी मोजलं तर? आणि मोजून उंचवटा निघाला तर घरी बाबांना काय सांगायचं? भीती दोन्हीकडून होती, बाई.

"सर, जुना पापुद्रा पुन्हा मोजते. साडेआठशेपर्यंत."

तिने जुना पापुद्रा लेझरखाली सरकवला. तिने बटण दाबलं. सहाशे सत्तरला रेष वर गेली, खाली आली. सातशे ओलांडले. साडेसातशेपर्यंत रेष सपाट राहिली, आणि तिने देवाचं नाव घेतलं. मग रेष हळूहळू फुगू लागली. आठशेपाशी बुटका, रुंद उंचवटा, स्पष्ट. दोन थर.

"हे तेव्हाच का नाही मोजलंस?" सरांचा आवाज कोरडा होता.

"भीती वाटली, सर."

सरांनी लेख बंद केला.

"मलाही," ते म्हणाले. "म्हणून तर मी तुला सातशेच्या पुढचं विचारलं नाही."