दोनने भागायचं राहिलं

प्रज्ञेश साळवे यांची कोथरूडला मोजमापाची साधनं तपासून प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा होती. माणूस इतका सावध, की छत्री उघडल्यावरही रेनकोट घालायचा.

त्या सकाळी ते नव्याने रुजू झालेल्या दीक्षाला अनिश्चिततेचं, म्हणजे आपलं मोजमाप कितीने चुकू शकतं त्याचं, गणित शिकवत होते. आपली मास्टर रिंग, म्हणजे जिच्याशी बाकीच्या रिंगा ताडून पाहायच्या ती पोलादी कडी, वरच्या दर्जाच्या लॅबकडून तपासून येते, तिच्या प्रमाणपत्रावर एक मायक्रॉन लिहिलंय, शेजारी k बरोबर दोन.

"हा आकडा त्यांनी आधीच दोनने गुणून दिलेला असतो," साळवे म्हणाले. "आपल्या हिशोबात घेताना परत दोनने भागायचा. अर्धा मायक्रॉन. शेवटी बाकीच्या आकड्यांचे वर्ग यात मिळवून, वर्गमूळ काढून आपण दोनने गुणतोच."

"मग आपल्या हिशोबाच्या तक्त्यात पूर्ण एक मायक्रॉन का आहे, सर?"

साळव्यांनी तक्ता जवळ ओढला. तक्ता त्यांनीच केला होता.

अर्धा घातल्यावर प्रयोगशाळेची अनिश्चितता दोन पूर्णांक एकवरून एक पूर्णांक दोनवर आली. दीक्षाला आनंद झाला. साळव्यांना कात्रजचे आप्पासाहेब कोंढरे आठवले.

गेल्याच महिन्यात आप्पासाहेबांची रिंग त्यांनी नापास केली होती. तिच्यावरून त्यांच्या वर्कशॉपमधले गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, लावले जात. हात थरथरायला लागण्यापूर्वी आप्पासाहेबांनी ती स्वतः घासून मापात बसवली होती. चूक एक पूर्णांक सहा मायक्रॉन, मुभा तीनची. चुकीत अनिश्चितता मिळवून बेरीज तीनच्या आत हवी. ती तीन पूर्णांक सातवर गेली होती. आता बेरीज केली, तर दोन पूर्णांक आठ.

साळवे दुरुस्त प्रमाणपत्र घेऊन स्वतः कात्रजला गेले. चूक माझी, असं त्यांनी दारातच सांगितलं. आप्पासाहेबांनी आधी चहा सांगितला. मग त्यांनी विचारलं, की म्हणजे रिंग चांगली होती म्हणायची?

"होती नाही, आहे. कुठंय?"

"कापली की. नापास गेज चुकून कुणी वापरू नये म्हणून कापायचा, असं तुमच्याच शेऱ्यात हाय. गडी नको म्हणत होते. मी म्हटलं, साळवेसाहेब चुकायचे नाहीत. लई सावध माणूस."

साळव्यांनी नवी रिंग आणून देतो म्हटलं. आप्पासाहेब म्हणाले, बाजारातली कालच आलीय, झकास आहे.

चहा निवला. साळव्यांनी प्रमाणपत्र परत पिशवीत घालायला घेतलं; नसलेल्या वस्तूचा कागद देणं नियमात बसत होतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

"असू द्या इथंच," आप्पासाहेब म्हणाले. "पास झालीय ती."